± च्या पुढचा आकडा

[पडद्यावर शोधनिबंधातला तक्ता 2. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.]

24.6 ± 1.2. शेजारच्या रकान्यात 22.1 ± 1.3. दोन्ही गटांत सोळा-सोळा जण. पण ± च्या पुढचा आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन आहे की स्टँडर्ड एरर, हे तक्त्याखाली लिहिलेलं नाही. पद्धतीच्या विभागातही नाही.

हा निबंध मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये घ्यायचा म्हटलं की काम इथेच अडतं. सोळा जणांच्या गटात डेव्हिएशन हे एररच्या चौपट असतं. एररला डेव्हिएशन समजून बसलो, तर साध्या हिशोबात या एकाच अभ्यासाला सोळापट जास्त वजन मिळतं आणि बाकीचे अभ्यास त्याच्याखाली दबून जातात.

म्हणून लेखकाला मेल करायचा. पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. निबंधात पी-व्हॅल्यू दिली आहे, 0.17. आकडे एरर धरले तर टी येतो 1.41, आणि त्याची पी-व्हॅल्यू 0.17 च्या आसपासच. डेव्हिएशन धरले तर टी 5.65 वर जातो आणि पी-व्हॅल्यू 0.0001 च्याही खाली. म्हणजे एररच असणार. तरीही विचारायचं, कारण पी-व्हॅल्यू दुसऱ्याच चाचणीतून आली असेल, तर आपला सगळा हिशोब फसतो.

[पडद्यावर मेल टाइप होतो.]

विषय: तक्ता 2 मधल्या ± बद्दल एक प्रश्न

"नमस्कार. आपल्या निबंधातल्या तक्ता 2 मध्ये 24.6 ± 1.2 असं दिलं आहे. यातला 1.2 हा स्टँडर्ड एरर आहे का? दिलेल्या पी-व्हॅल्यूवरून मला तसं वाटतं; हिशोब खाली जोडला आहे. शक्य असल्यास गट आणि मोजमाप एवढे दोनच रकाने पाठवाल का? नावं किंवा वय नको. मेटा-अ‍ॅनालिसिससाठी हवं आहे."

लेखकाला उत्तर द्यायला एक ओळ पुरते, हे या मेलचं खरं बळ. सगळा डेटा मागितला की त्याला जुन्या फाइली शोधाव्या लागतात, सहभागींची संमती तपासावी लागते, आणि मेल बाजूला पडतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, "मागितल्यास डेटा देऊ" असं निबंधात लिहिणाऱ्या 1792 लेखकांना मेल केले गेले. डेटा दिला फक्त 122 जणांनी.

मेल परत आला, तर लेखकाचा ताज्या निबंधावरचा पत्ता बघायचा. नाहीतर सहलेखकाला लिहायचं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायची, तोच मेल खाली ठेवून.

[पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी.]

त्यानंतरही उत्तर आलं नाही, तर विश्लेषण दोनदा करायचं: एकदा एरर धरून, एकदा हा अभ्यास वगळून. दोन्ही निकाल छापायचे. आणि लेखकाला कोणत्या तारखांना लिहिलं, तेही तळटीपेत द्यायचं.