दीपमाळ जागेवर ठेवताना

[दृश्य: मासुंदा तलाव, संध्याकाळ, कठड्याजवळ रेखाटन करणारा हात]

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी, म्हणजेच तलावपाळीवर, बसून केलेले हे पेन्सिलीचे रेखाटन एका छोट्या ॲनिमेशनपटाच्या पार्श्वभूमीसाठी आहे. पुढ्यात डावीकडे कठड्याचा तुकडा, मधोमध होडी आणि उजवीकडे दूरवर एक दगडी दीपमाळ, जी चित्रकर्तीने कथेसाठी स्वतःच तेथे उभी केली आहे. कठडा आणि होडी यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा सर्वांत महत्त्वाची, कारण कथेतील मुलगी तेथे उभी राहणार आहे.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर कागदाचे स्कॅन]

हे रेखाटन स्टेबल डिफ्यूजन या चित्रनिर्मिती प्रणालीला कंट्रोलनेटच्या मार्गाने दिले जाते. कंट्रोलनेट 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मांडले. शब्दांत केलेल्या वर्णनाबरोबर रेषांचा आराखडाही यामुळे प्रणालीला देता येतो. मात्र कागदावरची घडी, खोडरबराचा डाग आणि मोबाइलची सावली यांनाही ती रेषाच समजते. त्यामुळे स्कॅन आधी निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आणले जाते आणि मग उलटे केले जाते, कारण रेखाटन वाचणाऱ्या या मॉडेलला काळ्यावर पांढरी रेषा लागते.

[दृश्य: शेजारी शेजारी दोन चित्रे]

डावीकडच्या चित्रात रेषांचा प्रभाव पूर्ण, म्हणजे 1 ठेवला होता. मांडणी तंतोतंत उतरली, पण घाईत वाकडी पडलेली कठड्याची रेषाही तितक्याच निष्ठेने उतरली आणि कठडा वितळल्यासारखा दिसू लागला. उजवीकडे प्रभाव फार कमी केल्यावर कठडा सरळ झाला, मात्र मुलीसाठी राखलेल्या जागेत प्रणालीने दुसरी होडी आणून ठेवली. रिकामी जागा तिला सहसा रिकामी ठेवता येत नाही.

उपाय प्रभावाच्या प्रमाणात जितका आहे, तितकाच त्याच्या वेळेत आहे. गोंगाटासारख्या ठिपक्यांमधून चित्र पायरीपायरीने साकारत असताना मोठे आकार आरंभीच्या पायऱ्यांतच ठरून जातात आणि पोत, पाने, पाण्याची चमक हे सारे मागाहून येते. म्हणून चित्रकर्तीने प्रभाव 0.8 वर ठेवला आणि 60 टक्के पायऱ्या झाल्यावर रेषांचा धाक काढून घेतला. जागा तिने ठरवल्या आणि दगडाचा खडबडीतपणा प्रणालीने भरला. निकाल तपासण्याची तिची रीत साधी आहे: मूळ रेखाटन अर्धपारदर्शक करून तयार चित्रावर ठेवायचे आणि क्षितिजरेषा व होडीचे टोक सरकले आहे का, ते पाहायचे.

[दृश्य: चित्राचा उजवा कोपरा मोठा करून]

येथे दीपमाळेऐवजी ख्रिसमसचे झाड उभे आहे. वर निमुळता होत जाणारा खांब आणि दोन्ही बाजूंना आखूड रेषा, हा आकार प्रणालीने सूचिपर्णी झाड म्हणून वाचला. ‘दीपमाळ’ हा शब्द देवनागरीत टाइप करून उपयोग झाला नाही, कारण हे मॉडेल प्रामुख्याने इंग्रजी चित्रवर्णनांवर शिकलेले आहे. Deepmala लिहिल्यावर रस्त्यावरचा दिवा आला. अखेरीस नाव सोडून वस्तूचेच वर्णन करावे लागले:

```
tapering stone pillar, rows of short stone brackets, square plinth
```

तेवढाच भाग मास्क करून, म्हणजे बदलायचा म्हणून निवडून, नव्याने काढताना आणखी एक अडचण आली. प्रणाली प्रत्यक्ष चित्रावर नव्हे, तर प्रत्येक बाजूने आठपट लहान केलेल्या प्रतिरूपावर काम करते. चित्रातील 64 पिक्सेल उंचीच्या दीपमाळेला तेथे जेमतेम आठ घरे मिळतात, आणि तेवढ्यात दगडी हातांच्या ओळी बसत नाहीत. यासाठी मास्क केलेला भागच मोठ्या आकारात रंगवून पुन्हा जागी बसवण्याची Only masked ही सोय वापरली. दीपमाळ उभी राहिली, परंतु पाण्यात प्रतिबिंब अजून झाडाचेच होते! मास्क खाली पाण्यापर्यंत वाढवल्यावर तेही बदलले.

[दृश्य: पूर्ण झालेली पार्श्वभूमी]

हातांनी पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या कामावर याचा परिणाम होतो आहे, आणि ज्यांच्या चित्रांवर ही मॉडेल शिकली त्यांच्या संमतीचा वादही मिटलेला नाही.

[दृश्य: पाटावर नवा कागद]

पुढच्या शॉटमध्ये हीच दीपमाळ जवळून दिसणार आहे. सीड, म्हणजे आरंभीचे ठिपके ठरवणारा आकडा, तोच ठेवला, तरी रेखाटन बदलताच दगडाचा रंग आणि हातांच्या ओळी बदलतात. म्हणून चित्रकर्ती आता मान्य झालेली दीपमाळ कापून वेगळी ठेवते आणि पुढच्या रेखाटनात तिच्या ओळी मोजून काढते.