ताप उतरलेल्या पेशंटचा प्रश्न

मंडळी, आपल्या पुण्यात पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यूने भरतो, आणि मग पेपरातही डेंग्यू येतो. ‘डेंग्यूबद्दल खालीलपैकी कोणते विधान चूक आहे?’ असा प्रश्न मी कित्येक वर्षं काढला. तो बरोबर सोडवलेला एक विद्यार्थी पुढे इंटर्न म्हणून माझ्याच वॉर्डात आला. राउंडला म्हणाला, “सर, सहा नंबरचा ताप उतरलाय, डिस्चार्ज करूया?” मी पेशंटचा हात हातात घेतला. गार. पोट दुखत होतं, रात्रीतून दोन उलट्या. बीपी 100/84. वरचा आकडा बघून इंटर्न निर्धास्त होता, मला मात्र दोन्हींतलं सोळाचं अंतर दिसत होतं. पेशंट सावरल्यावर मी विचारलं, “पेपरात उत्तर कसं आलं होतं रे?” म्हणाला, “सर, तुमचा बरोबर पर्याय नेहमी सगळ्यांत लांब असतो.”

हे मला फार लागलं. तेव्हापासून माझा प्रश्न त्या गार हातापासून सुरू होतो. 24 वर्षांचा तरुण, डेंग्यूचं निदान झालेलं, पाचव्या दिवशी ताप उतरला. पोटदुखी, उलट्या, हात गार, बीपी 100/84. हिमॅटोक्रिट दोन दिवसांत 40 वरून 49, प्लेटलेट 38,000, रक्तस्राव नाही. तातडीची पहिली कृती कोणती? पर्याय झाकून वाचा. उत्तर सुचलं तर प्रश्न उभा राहिला.

चुकीचे पर्याय मी टेबलाशी बसून रचत नाही. हाच प्रश्न आधी पर्यायांशिवाय मुलांना लिहायला देतो. कोणी लिहितं ‘प्लेटलेट चढवणे’, कोणी ‘पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणे’, कोणी ‘शिरेतून स्टेरॉइड देणे’. त्यांच्याच लांबीचा चौथा पर्याय, ‘शिरेतून नॉर्मल सलाइन देणे’. शेजारी रिंगर लॅक्टेट ठेवू नका. तेही बरोबरच आहे, मुलं हरकत घेतील आणि ती मान्य करावी लागेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तेव्हा स्पष्टीकरणाचं झटपट सांगतो. ‘उत्तर ड’ एवढं लिहून भागत नाही, प्रश्नातल्या आकड्यांवरून चालत या. ताप उतरतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो, पेशी आत राहतात, म्हणून हिमॅटोक्रिट चढतं. बीपीतलं अंतर वीसवर किंवा त्याखाली आलं आणि हात गार पडले की तो शॉकच, वरचा आकडा शंभर असला तरी. म्हणून पहिल्या तासाला किलोमागे 5 ते 10 मिली सलाइन आणि पुन्हा तपासणी. मग प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एक वाक्य: रक्तस्राव नसताना प्लेटलेटनं ही तूट भरत नाही, धोक्याचे 24 ते 48 तास आत्ता सुरू झालेत, म्हणून घरी नाही, स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही.

आणि निकालानंतर मोजा. शंभरात पाच जणांनीही न निवडलेला पर्याय नुसती जागा अडवतो. माझं स्टेरॉइड गेल्या खेपेला असंच पडलं. तिथे आता नॉरअ‍ॅड्रिनलिन घातलंय.