झेब्रा क्रॉसिंग कुठाय? मला काय विचारता!

नमस्कार मंडळी, ठाण्याहून बोलतोय. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न: "दादा, तुम्हाला दिसत नाही, मग ते 'मी रोबोट नाही'वालं कसं करता?" म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासायला साइट 'झेब्रा क्रॉसिंग असलेले फोटो निवडा' असलं कोडं घालते, ते. अहो, बऱ्याचदा अडकतोच!

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम; जास्त सांगत बसत नाही, जुने व्हिडिओ बघा. एकाने विचारलंय, त्याला वाचता येईल असं वर्णन त्या फोटोंना का देत नाहीत? अरे, "हा सिग्नल आहे" असं लिहून ठेवलं तर रोबोटही तेच वाचेल ना!

म्हणून काही ठिकाणी हेडफोनचं बटण असतं. ते दाबलं की खरखरीतून इंग्रजी शब्द ऐकू येतात, ते टाइप करायचे. आता नीट ऐका, सगळे इथेच फसतात. तुम्ही अक्षर दाबता, एनव्हीडीए हा माझा स्क्रीन रीडर तेच अक्षर मोठ्याने म्हणतो आणि पुढचा शब्द त्याच्याखाली गाडला जातो. म्हणजे तुमचाच मदतनीस तुमच्या कानात बडबडतो. उपाय: इन्सर्ट दाबून ठेवा आणि बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत वरच्या ओळीतला 2 दाबा, नव्या आवृत्तीत एकदा दाबून भागेलच असं नाही. अक्षरं बोलायची बंद. शब्दही बोलत असेल तर तसंच इन्सर्ट आणि 3. काम झालं की त्याच बटणांनी पुन्हा चालू. तेही जमत नसेल तर आधी पूर्ण ऐका, मग लिहा. ऐकता ऐकता लिहू नका, हे तिसऱ्यांदा सांगतोय! आणि खिडकी लावा. आमच्याकडे रिक्षाचा हॉर्न नेमका शेवटच्या शब्दावर वाजतो.

"शेजाऱ्याला बोलवा ना," असं एक ताई लिहितात. बोलावलं होतं. एका बिलाच्या साइटवर वाकडी अक्षरं होती, हेडफोनचं बटणच नाही. शेजारचा मुलगा चप्पल घालून वर येईपर्यंत पान बाद! दुसऱ्यांदा जमलं, पण माझं खातं त्याच्यासमोर उघडं. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्कात धरलंय. तो निकाल त्या साइटपर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

मग मी काय वापरतो? जिथे मिळेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली किल्ली. खात्याच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा तयार करायची. पुढच्या वेळी साइट फोनला विचारते, मी बोट टेकवतो, फोन आपल्याकडच्या गुप्त किल्लीने सही करून पाठवतो. किल्ली साइटकडे जात नाही, बोटाचा ठसाही नाही. बघायचं काही नाही, ऐकून लिहायचंही नाही. कमी ऐकू येणाऱ्या माझ्या एका मित्राला तर हेडफोनच्या बटणाचा काहीच उपयोग नव्हता, त्याचं यावर भागतं.

पण नवीन खातं उघडताना कोडं येऊ शकतं, कारण तेव्हा पासकी झालेलीच नसते. आणि फोन हरवला तर? म्हणून लॅपटॉपवरही एक पासकी आजच करून ठेवा.