फ्रिज बंद पडला, आता पैसे कोण देणार?

नमस्कार मंडळी. आज वॉरंटी आणि घराचा विमा यावर बोलायचंय, पण आधी माझ्या ताईच्या फ्रिजची गोष्ट ऐका.

ताई चिपळूणला, घर तळमजल्यावर. 22 जुलै 2021 च्या पुरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. फ्रिज दोन वर्षांचा, दुकानात एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली, त्यामुळे ती निर्धास्त. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडलं, आत सगळा गाळ. त्याने जॉबशीटवर लिहिलं 'पाणी गेले' आणि निघून गेला, कारण वॉरंटी बिघाडाची असते, पुराची नाही. ताई फोनवर रडत होती, भंगारवाला दारात उभा. मी म्हटलं, थांब, काही देऊ नकोस, आधी होमलोनची फाइल बघ. फाइल माळ्यावर होती म्हणून कोरडी राहिली. त्यात त्याच मे महिन्यात काढलेली भारत गृह रक्षा पॉलिसी निघाली, इमारतीची रक्कम 20 लाख. या पॉलिसीत घरातलं सामान आपोआप येतं, इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, म्हणजे ताईचं 4 लाख. तिने विमा कंपनीला कळवलं, गाळाच्या रेषेचे आणि सिरियल नंबरच्या स्टिकरचे फोटो काढले, सर्व्हेयर येईपर्यंत फ्रिज पडवीतच ठेवला. पैसे मिळाले.

बिलाचं एक सांगतो, दुकानातला तो गुळगुळीत कागद वर्षभरात कोरा होतो, त्याचा फोटो घरी आल्या आल्या काढा. ग्राहकाला टिकणारं बिल द्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

तर पूर, आग, भूकंप असं बाहेरून आलं की घराची पॉलिसी. आतलं कार्ड गेलं, मोटर बसली की एक्स्टेंडेड वॉरंटी. परत सांगतो, बाहेरून आलं तर पॉलिसी, आतून बिघडलं तर वॉरंटी.

शॉर्टसर्किट मात्र नीट समजून घ्या. फ्रिजमध्येच शॉर्टसर्किट होऊन आग लागली आणि पडदे, सोफा जळला, तर पॉलिसी सोफ्याचे पैसे देते पण त्या फ्रिजचे नाही, कारण ज्या यंत्रात शॉर्टसर्किट झालं तेवढं वगळलेलं असतं. वॉरंटीत व्होल्टेजच्या फटक्याने झालेलं नुकसान धरतात की नाही हे प्लॅननुसार बदलतं, म्हणून काउंटरवरच विचारा आणि लेखी घ्या.

आणि दोन्ही एकमेकांवर कुठे चढतात? काही कंपन्यांच्या मोठ्या घरगुती पॅकेज पॉलिसीत उपकरणांच्या बिघाडाचा वेगळा भाग असतो. तो घेतलाय आणि त्याच फ्रिजची एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतलीय, तर हप्ता दोनदा जातो, दुरुस्तीचे पैसे मात्र एकदाच मिळतात. काही फ्रिजच्या कंप्रेसरला कंपनीचीच 10 वर्षांची वॉरंटी असते, तीही आधी वॉरंटी कार्डावर बघा. ताईने नवा फ्रिज घेताना हे कार्ड दुकानातच उघडून वाचलं, सेल्समन दोनदा घड्याळ बघत होता तरी.