नीरेचा कालवा: दुष्काळासाठी खोदला, उसाला लागला

आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे कालव्याला ‘नहर’ म्हणतात. नहरेच्या आधी आपल्याला ठाऊक होते ते तलाव. तलाव मालगुजाराचा असला तरी पाणी आधी कोणत्या बांधीत जायचं, हे गावातच ठरायचं. कालवा अनेक गावांतून जातो, म्हणून ते ठरवणारा माणूस गावाबाहेर बसतो. हा बदल नीट पाहायचा तर पुणे जिल्ह्यात, नीरेच्या डाव्या कालव्यावर जावं लागेल.

1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरचं धरण हाती घेतलं गेलं आणि 1885 मध्ये हा कालवा सुरू झाला. हेतू ज्वारी-बाजरी वाचवण्याचा होता. पण पाऊस बरा झाला की काळ्या जमिनीत ज्वारी ओलीवरच येते. मग पट्टी भरून पाणी कोण घेईल? पाऊस हुकला की सगळे एकदम मागणार. सरकारचा कालव्यावरचा खर्च मात्र दरसाल ठरलेला. दरवर्षी, वर्षभर पाणी मागणारं आणि जड पट्टी सोसणारं पीक एकच होतं, ऊस. पाणी तिकडे वळलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारचे इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांनी यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक जमिनीला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस लावू द्यायचा आणि बाकीच्या जमिनीत हंगामी पिकं घ्यायची. पाणी जास्त गावांत पोचावं, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण आपल्या वावरात काय पेरायचं, ते आता करारात लिहिलेलं होतं.

कायदा त्याहून खोल शिरला होता. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात पाणीचोर सापडला नाही, तर ज्याचं शेत भिजलं त्याच्याकडून वसुली होती; तसं कुणी नसेल, तर त्या चारीवरच्या सगळ्यांकडून. कालव्याच्या झिरप्याने लगतच्या विहिरीला पाणी वाढलं, तर त्यावरही पट्टी बसवता येत असे. विहीर शेतकऱ्याने खोदलेली, आतलं पाणी सरकारच्या हिशेबात!

त्याच झिरप्याने जमीनही बिघडली. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला वर्षभर पाणी दिलं की भूजल वर चढतं आणि सोबत क्षार आणतं. खूण सोपी आहे: विहिरीची पातळी वर्षागणिक वर येते, पिकाची उगवण ठिपक्याठिपक्यांत होते आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरी खपली धरते. नीरेच्या खोऱ्यात अशी जमीन खारावली. चर खोदून निचरा केला तरच ती परत येते, आणि तेही सावकाश.

1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने मुंबईचा जुना कायदा आणि आपला मध्य प्रांताचा 1931 चा कायदा, दोन्ही रद्द केले. पेंचची नहर या नव्या कायद्याखाली आली. पाणी हवं तर सात नंबरचा फॉर्म भरायचा, आणि त्यात पीक कोणतं व क्षेत्र किती, हे आधी लिहायचं.