उरलेल्या तीन चिठ्ठ्या

[दृश्य: फळ्यावर सात चिठ्ठ्या, त्यांना जोडणाऱ्या दोऱ्या]

एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक विषय, आणि दोरी सांगते आधी काय शिकायचं. प्रोग्रामिंगकडून एक दोरी डेटा स्ट्रक्चर्सकडे जाते. तिथून तीन फुटतात: अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम. अल्गोरिदमला गणिताकडूनही एक येते. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम, दोन्हींच्या दोऱ्या प्रकल्पापर्यंत पोचतात.

[दृश्य: चिठ्ठीच्या कोपऱ्यातला लाल आकडा, अगदी जवळून]

लाल आकडा म्हणजे चिठ्ठीत येणाऱ्या दोऱ्यांची संख्या. प्रकल्पावर २ आहे. प्रोग्रामिंग आणि गणितावर ०, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

[दृश्य: हात चिठ्ठी उचलतो, कात्री दोरी कापते]

क्रम लावायची ही रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडली. शून्याची चिठ्ठी उचलून क्रमात लावा, तिच्यातून निघणाऱ्या दोऱ्या कापा, दोरी जिथे पोचत होती तिथला आकडा एकने उतरवा. प्रोग्रामिंग गेलं, डेटा स्ट्रक्चर्स शून्यावर आलं. गणित गेलं, अल्गोरिदम २ वरून १ वर. डेटा स्ट्रक्चर्स उचललं की एकदम तीन विषय मोकळे होतात. प्रकल्प सगळ्यात शेवटी. सातच्या सात चिठ्ठ्या रांगेत लागल्या, आणि प्रत्येक दोरी एकदाच कापली गेली.

[दृश्य: फळा पुन्हा पहिल्यासारखा, दोन नव्या दोऱ्या]

आता दोन नवे नियम. डेटाबेसच्या आधी ऑपरेटिंग सिस्टीम हवी, आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी डेटाबेस. पुन्हा चिठ्ठ्या उचलत गेलो तर चार निघतात आणि हात थांबतो. फळ्यावर तीन उरल्या, शून्य एकीवरही नाही. कुठेतरी चक्र आहे.

हीच रीत वापरणारे बरेच प्रोग्राम इथेच थांबतात आणि ‘चक्र आहे’ एवढंच सांगतात. ते पुरेसं नाही. उरलेल्या तिघांची यादी दाखवली तरी दिशाभूल होते, कारण प्रकल्प चक्रात नाहीच. तो फक्त त्याच्या मागे अडकलाय.

[दृश्य: बोट दोरीवरून उलटं सरकतं]

म्हणून दोरी उलटी धरायची. उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीत, उरलेल्यांपैकी एकीची तरी दोरी येतेच. नाहीतर ती शून्यावर आली असती. प्रकल्पावरून मागे डेटाबेस, डेटाबेसवरून मागे ऑपरेटिंग सिस्टीम, तिथून मागे परत डेटाबेस. चिठ्ठी दुसऱ्यांदा आली, चक्र सापडलं. सरळ दिशेने गेलो असतो तर डेटाबेसवरून प्रकल्पावर पोचून वाट संपू शकली असती.

[दृश्य: पडद्यावर तक्ता, एकच ओळ दोनदा]

कधी चक्र नसतानाही चिठ्ठ्या उरतात. एकच नियम तक्त्यात दोनदा आला, आकडा मोजताना दोन धरला, पण दोरी एकच बांधली, तर कापल्यावर आकडा १ वरच अडकतो. याची खूण अशी की उलटं जाताना एका चिठ्ठीच्या मागे, उरलेल्यांपैकी एकही चिठ्ठी सापडत नाही.

[दृश्य: विषय नोंदणीची बंद खिडकी]

चक्र सुटत नाही तोवर प्रकल्पाची नोंदणी अडलेली असते.

[दृश्य: कात्री, डेटाबेसकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाणारी दोरी]

दोनपैकी कोणता नियम काढायचा, ते विषय शिकवणाऱ्यांनी ठरवायचं. ही दोरी कापली की ऑपरेटिंग सिस्टीम शून्यावर येते, मग डेटाबेस, मग प्रकल्प.