चोडणचा चिखल, आगरवाड्याचा गाळ

ओहोटीला गोव्यातल्या चोडणच्या काठावर खारफुटीची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. त्यांच्या मधला काळा, उग्र वासाचा चिखल आपण चमचाभर नळीत घेतला. दुसरी नळी पेडण्यातल्या आगरवाड्याची, मिठागरातल्या गाळाची.

दोन्हींतून डीएनए काढला, जीवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाचा तोच तुकडा पीसीआरनं वाढवला आणि सीक्वेन्सरवर चढवला. समजा, चिखलाचे ५०,००० रीड्स, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे, आले आणि मिठागराचे १०,०००. चिखलात जीवाणूंचे प्रकार जास्त सापडले, तर लगेच खूश होऊ नका. हा पाचपटीचा फरक जीवाणूंनी ठरवलेला नाही. नमुने एकत्र मिसळताना कोणाचा डीएनए किती पडला, यावरही तो ठरतो. एका पाटीतून पाच ओंजळी मासळी काढली आणि दुसरीतून एकच, तर पहिलीत जाती जास्त दिसणारच.

म्हणून रेअरफॅक्शन. चिखलाच्या ५०,००० मधून १०,००० रीड्स चिठ्ठ्यांसारखे उचलायचे आणि त्यांत किती प्रकार आले ते मोजायचं. ज्याचा एकच रीड आहे, तो येण्याची शक्यता २० टक्के. पाच रीड्स असलेला प्रकार सुटण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ३३ टक्के. पन्नास रीड्सवाला जवळजवळ कधीच सुटत नाही. म्हणजे आकडा घटतो तो दुर्मीळ प्रकारांमुळे. एकदाच उचलून थांबलात, तर निकाल नशिबावर गेला. आर भाषेतल्या `vegan` पॅकेजमध्ये `rrarefy` तशी एकच उचल करतं, तर `rarefy` सूत्रानं थेट सरासरी देतं. मला दुसरंच भरवशाचं वाटतं.

रीड्स वाढवत नेले की प्रकार किती वाढतात, तो चिखलाचा आलेख १०,००० वर अजून चढताच असेल, तर त्या आकड्याला चिखलातले एकूण प्रकार म्हणता येत नाही. तो फक्त तेवढ्या रीड्सवरच्या तुलनेपुरता.

आता मिठागर बघा. दोन्हीकडे शंभर-शंभरच प्रकार निघाले असं धरू. चिखलात सगळे सारख्या प्रमाणात असले, तर प्रकार किती आणि किती समसमान हे एकत्र सांगणारा शॅनन निर्देशांक ४.६१. मिठागरात एकच प्रकार ९० टक्के असला आणि उरलेले ९९ प्रकार १० टक्क्यांत सारखे वाटले गेले, तर तो ०.७८ वर येतो. या आकड्यांचा `exp` काढला की अर्थ डोळ्यांसमोर येतो: चिखल शंभर समसमान प्रकारांइतका विविध, मिठागर जेमतेम दोनांइतका. शॅननवर दुर्मीळ प्रकारांचा भार कमी, म्हणून रीड्स कमी-जास्त झाले तरी प्रकारांच्या संख्येइतका तो हलत नाही.

आणि मिठागराच्याच आणखी एका नळीतून फक्त ८०० रीड्स आले तर? तिच्यासाठी सगळ्यांना ८०० वर आणलं, तर चिखलातले दुर्मीळ प्रकार हकनाक जातील. ती नळी तुलनेतून काढायची. डीएनएत राहिलेलं मीठ पीसीआर अडवतं, तेव्हा आधी त्याचाच संशय घ्यायचा. गाळ शिल्लक असेल तर डीएनए पुन्हा काढायचा, नीट धुवायचा आणि मगच पीसीआर लावायचा.